तिसऱ्या टिपणीतली पहिली ओळ

फालेसी म्सुक्वाने जिल्ह्याच्या लस-भांडारात एकोणीस वर्षं काढली होती. त्या एकोणीस वर्षांत तिच्या हातून एक बाटली फुटली नव्हती की एक तारीख चुकली नव्हती. तिच्या टेबलावरची वही, वहीवरचं पेन, पेनाशेजारचा पुसायचा फडका यांची जागा ठरलेली असे. त्यामुळे मतुंदूला आरोग्य केंद्रातल्या चाळीस बाटल्या गोठून वाया गेल्याची बातमी मंगळवारी आली, तेव्हा चूक कुणाची हा प्रश्न तिला पडलाच नाही. चूक वायसन कामतेझाची. दुसऱ्या कुणाची असणार?

वायसन म्हणजे मतुंदूलाचा आरोग्य सेवक. सायकलवरून गावोगाव फिरून पोरांना टोचणारा, बावीस वर्षांच्या नोकरीतला, घुम्या स्वभावाचा माणूस. मंगळवारी तिथे टोचणीचा दिवस होता. सत्तर आया, काही तर कमरेइतक्या पाण्यातून नदी ओलांडून, पाठीवर पोरं बांधून आलेल्या. दहा वाजता, एकाही पोराला न टोचता, वायसनने टोचणी रद्द केली, सगळ्यांना परत पाठवलं, आणि केंद्रामागच्या वाळवीच्या उंच वारुळावर चढून फोन लावला. मतुंदूलात रेंज तेवढ्याच जागी यायची.

"आमायी, लस गेली," तो म्हणाला. "गोठली होती."

"तुम्ही काय केलंत तिला?" फालेसीने विचारलं.

पलीकडे वारा ऐकू आला. मग फोन बंद झाला. रेंज गेली की त्याने ठेवला, हे फालेसीला कळलं नाही, पण तिने मनाशी ठरवून टाकलं की ठेवलाच.

आता बुधवार उजाडला होता, आणि सगळं घोडं एका गोष्टीशी अडलं होतं. गुरुवारी सकाळी मतुंदूलाला दुसऱ्या चाळीस बाटल्या जायच्या होत्या, शुक्रवारी टोचणी पुन्हा व्हायची होती. तिथल्या गावांच्या प्रमुख सरदारीणबाईंनी निरोप धाडला होता की एकदा चुकलं, आता चुकणार नाही, या. पहिल्या बाटल्या कुठे आणि कशा गोठल्या ते कळल्याशिवाय दुसऱ्या पाठवायच्या म्हणजे त्याच खड्ड्यात पाय घालायचा. आणि दुसऱ्यांदा परत पाठवलेली आई तिसऱ्यांदा येत नाही, हे फालेसीला कुणी शिकवायला नको होतं.

तिने सकाळीच टिपणी लिहिली. झाल्या प्रकाराची टिपणी लिहायचा कार्यालयाचा नियमच होता. काय बिघडलं, कसं बिघडलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय. फालेसीची टिपणी अकरा वाक्यांची झाली. तुम्ही बाटल्या फ्रिजच्या थंड भिंतीला टेकवून ठेवल्या. तुम्ही सोमवारी संध्याकाळचं तापमान लिहिलं नाही. तुम्ही पेटी आल्याचं कळवलं नाही. तुम्हाला दोन वर्षांपूर्वीही समज दिली होती. तुम्ही, तुम्ही, तुम्ही. लिहिताना तिचा हात हलका चालला होता, आणि शेवटचा पूर्णविराम देताना तर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. तिने कागदाचा फोटो काढून वायसनला पाठवला, एक प्रत डॉ. चिवाउलांच्या टेबलावर ठेवली.

तासाभराने उत्तर आलं. "ठीक आहे, आमायी. माझी चूक."

एवढंच. फालेसीने फोन उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला आणखी काही लिहिलेलं असेल. तिने विचारलं, "गोठली कशी?" उत्तर आलं, "तुम्ही लिहिलंच आहे कशी ते."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. माणूस भांडला असता तर बरं. नाकारलं असतं, कारणं सांगितली असती, तर त्यातून काहीतरी धागा सापडला असता. हा तर अकराची अकरा वाक्यं गिळून मोकळा झाला. चूक कबूल झाली होती आणि हाताशी काहीच नव्हतं.

डॉ. चिवाउला मात्र खूश झाले. ते जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी, कामाने गांजलेले, फायली मिटवायला टपलेले. त्यांनी फालेसीला दारातूनच सांगितलं की काम चोख केलंत, कबुली आलीये, उद्या त्याला ताकीदपत्र देतो आणि तळ्याकाठच्या केंद्रावर बदली करतो. तिने म्हणून पाहिलं की बवाना, पण गोठली कशी ते अजून कळलं नाही. ते म्हणाले, "कळलं ना. त्याच्यामुळे गोठली." आणि मोटारीत बसले.

फालेसी आकडेवारीच्या खोलीत गेली. तिथे एस्नात बसायची, तिची चर्चच्या गाण्यातली जुनी सोबतीण. जिल्ह्यातलं चालू अवस्थेतलं एकमेव छपाईयंत्र एस्नातच्या ताब्यात होतं, त्यामुळे जिल्ह्यातलं प्रत्येक रडगाणं तिच्या हाताखालून जायचं. तिने तळलेल्या मंदासीचा तेलकट तुकडा तोंडात टाकला, हात पुसले आणि टिपणी वाचली.

"ही टिपणी नाही गं," ती म्हणाली. "ही तर सुनेला लिहिलेली चिठ्ठी आहे."

"खोटं काय आहे त्यात?"

"मला काय ठाऊक? तुला तरी ठाऊक आहे का? भिंतीला टेकवल्या म्हणतेस. तू होतीस तिथे?"

"दोन वर्षांपूर्वी त्याने टेकवल्या होत्या."

"मग दोन वर्षांपूर्वीची टिपणी झाली ही. सोमवारची कुठाय?" एस्नातने कागद परत सरकवला. "अकरा वाक्यं लिहिलीस, एक प्रश्न नाही. त्याला बोलायला जागा कुठे ठेवलीस? तो 'माझी चूक' म्हणाला, कारण तेवढीच फट होती."

फालेसीला ते झोंबलं. ती आपल्या टेबलाशी आली आणि तिने दुसरी टिपणी लिहायला घेतली. बरं, 'तुम्ही' नको ना, नको. बाटल्या ठेवताना काळजी घेतली गेली नाही. तापमानाकडे दुर्लक्ष झालं. वेळेवर कळवण्यात आलं नाही. पाच मिनिटांत झाली. ती तरातरा चालत पुन्हा एस्नातकडे गेली.

एस्नात हसली, तेही तोंड दाबून. "बोट तेच आहे. आता कमरेच्या चितेंजेखाली झाकलंस इतकंच. 'दुर्लक्ष झालं' म्हणे. कुणाचं झालं ते वाऱ्यालाही कळतंय."

"मग लिहू तरी काय? आभाळातून गारा पडल्या?"

"जे दिसलं ते लिही. कधी, कुठे, काय. जे दिसलं नाही, तिथे विचार."

सांगायला सोपं. फालेसी टेबलाशी बसली तेव्हा बाहेर ऊन चढलं होतं आणि वीज गेली होती. भांडारातलं जनित्र घरघरायला लागलं. तिने एक एक वाक्य समोर घेतलं. तुम्ही तापमान लिहिलं नाही. यात दिसलेलं काय? मतुंदूलाच्या वहीच्या पानाचा फोटो तिच्याकडे होता. तिने लिहिलं: सोमवारी संध्याकाळच्या तापमानाचा रकाना रिकामा आहे. पेन थांबलं. त्याच्यापुढे आपोआप 'कारण' असा शब्द आला आणि कारण काही तिला ठाऊक नव्हतं. तिने नाइलाजाने पुढे लिहिलं: त्या वेळी फ्रिजच्या खोलीत जाता येत होतं का?

पुढचं वाक्य. भिंतीला टेकवल्या. हे तर तिने पाहिलंच नव्हतं. ते खोडताना तिला दात उपटल्यासारखं झालं. त्या जागी लिहिलं: फ्रिजमधल्या तापमान-यंत्रावर सोमवार आणि मंगळवारचा सगळ्यात खालचा आकडा किती आहे? लिहिलं मात्र, आणि ती स्वतःवरच चिडली. ते यंत्र तीस दिवसांची आठवण ठेवतं, खोलीला कुलूप असो की नसो. ही एक गोष्ट तिने काल फोनवर विचारायला हवी होती. पहिलीच.

दुपारी न्सिमा जेवायची वेळ टळून गेली. तिसरं वाक्य, चौथं वाक्य. मनात पुन्हा पुन्हा तोच सणसणीत 'तुम्ही' उसळी मारायचा, आणि दर वेळी त्याच्या शेपटाशी काय बांधलंय ते पाहावं तर हाती लागे तिचाच अंदाज. दोन वर्षांपूर्वीची समज तर अख्खीच गळाली, कारण ती सोमवारी घडलीच नव्हती. अकरा वाक्यांची पाच उरली. फालेसीला आपलं अंगण कुणी झाडून रिकामं केल्यासारखं वाटत होतं.

आणि मग ध्यानात आलं की प्रकार घडला त्या क्रमाने लिहायचा तर सुरुवात मतुंदूलापासून होत नाही. बाटल्या तिथे उगवल्या नव्हत्या. त्या इथून गेल्या होत्या. पहिली ओळ तिचीच होती.

तिने भांडाराची वही उघडली. सोमवार. पेटी निघाली, सहा वाजता. बाटल्या चाळीस. आइसपॅक आठ. सगळं तिच्याच नेटक्या अक्षरात. आइसपॅक फ्रीझरमधून निघतात तेव्हा दगडासारखे असतात. ते तसेच पेटीत घातले तर शेजारची लस गोठते. म्हणून अर्धा तास ते बाहेर मांडून ठेवायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा, कानाशी धरून हलवायचे आणि आत पाणी खळखळलं की मगच भरायचे. हे फालेसीनेच साऱ्या जिल्ह्याला शिकवलं होतं. वहीत त्यापुढे बरोबरची खूण होती. सोमवारी होती, रविवारीही होती. साऱ्या महिन्याच्या खुणा एकाच निळ्या शाईच्या, एकाच तिरकेपणाच्या. महिन्याच्या एक तारखेला ती साऱ्या खुणा एकदम करून ठेवायची, कारण चुकायचा प्रश्नच नसे.

पॅक बाहेर काढल्याची वेळ लिहायला मात्र वहीत रकानाच नव्हता.

तिने थोडा वेळ ती ओळ टाळून पाहिली. मग लिहिली: सोमवारी सहा वाजता पेटी भांडारातून निघाली. आइसपॅक फ्रीझरबाहेर काढल्याची वेळ वहीत नोंदलेली नाही. मतुंदूलात पेटी उघडली तेव्हा आत काय दिसलं?

तिसरी टिपणी तिने कुणाला न दाखवता पाठवली. वर, भावाला हाक मारावी तसं, एवढंच लिहिलं: आचिमवेने, सकाळचा कागद बाजूला ठेवा. मला हे ठाऊक नाही, तुम्हाला असेल.

वाट पाहण्यात अडीच तास गेले. फोन दोनदा वाजला. एकदा पेट्रोलवाला, एकदा तिची बहीण उसिपा मासळीचा भाव सांगायला. फालेसी बहिणीवर विनाकारण खेकसली. साडेचारला वायसनचा फोन आला. मागे वारा होता. म्हणजे तो वारुळावर होता.

तो हळूहळू बोलला, वही वाचून दाखवावी तसा. सोमवारी नऊला पेटी आली. त्याने उघडली तर आइसपॅक टणक, वर पांढरं हिम धरलेलं, आणि काठाची एक बाटली पॅकला चिकटलेली. ती सोडवावी लागली. त्याला शंका आली. त्याने त्याच खेपेतली एक बाटली मुद्दाम फ्रीझरमध्ये घालून दगड होऊ दिली, बाकीच्या फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात ठेवल्या. फ्रिजचा सगळ्यात खालचा आकडा साडेतीन अंश, शून्याच्या वरच, दोन्ही दिवस. संध्याकाळी तापमान लिहायला गेला तर खोलीला कुलूप. चावी एकच, ती केंद्रप्रमुखांकडे, आणि केंद्रप्रमुखांना जिल्ह्यानेच बैठकीला बोलावलेलं. मंगळवारी सात वाजता चावी आली. त्याने मुद्दाम गोठवलेली बाटली वितळू दिली, मग ती आणि पेटीतली एक, दोन्ही जोडीने हलवून उभ्या ठेवल्या. अर्ध्या तासात दोन्हींच्या तळाशी सारखाच साका बसला, दह्यासारखी कणी धरून. म्हणजे पेटीतलीही गोठून गेलेलीच. तेव्हा त्याने टोचणी थांबवली.

ज्या माणसाने सत्तर पोरांना मेलेली लस टोचू दिली नाही, त्याला तिने सकाळी अकरा वाक्यांनी झोडपलं होतं.

"पॅक टणक होते हे तुम्ही सोमवारीच का नाही सांगितलंत?" तिने विचारलं, आणि विचारता विचारता तिला ऐकू आलं की जीभ पुन्हा जुन्याच वाटेने गेली.

वायसन म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी मी कळवलं होतं की पेटी उशिरा आली. तुमचं उत्तर अजून माझ्याकडे आहे. 'तुम्ही उघडायला उशीर का केलात.' तेव्हापासून खात्री झाल्याशिवाय मी जिल्ह्याला काही कळवत नाही, आमायी. आणि काल खात्री झाली तर तुम्ही विचारलंत, काय केलंत तिला."

"मग आज 'माझी चूक' कशाला लिहिलंत?"

"माझ्या बायकोने भात शिजत घातला होता. अकरा वाक्यांना उत्तर द्यायचं तर संध्याकाळ झाली असती."

फोन ठेवल्यावर फालेसीने सोमवारची सकाळ आठवायचा प्रयत्न केला. सहज आठवली, हेच वाईट. ड्रायव्हर लॅकसनला मतुंदूलाहून बाळंतीण आणायची होती. रुग्णवाहिका पावणेसहालाच दाराशी येऊन भोंगा वाजवत होती. तिने फ्रीझर उघडून आठ पॅक काढले आणि पेटीत रचले. बाळंतीण अडली होती, थांबणार कसं? पेटी गारठा दाखवणाऱ्या यंत्राशिवायच गेली, कारण दोन्ही यंत्रं दुसऱ्या पेट्यांतून बाहेर होती. आणि खूण वहीत आधीच होती.

टिपणी पुरी करायची तर आता फार सोपं होतं. आइसपॅक पुरेसे मऊ झाले नव्हते. वाहन ठरल्या वेळेआधी आलं. वहीत वेळेचा रकाना नाही. सगळं खरं, सगळं झाल्या प्रकाराबद्दल, कुणाकडे बोट नाही. तिने लिहिलंही तसंच, आणि वाचून पाहिलं. कागदावर आठ पॅक होते, एक गाडी होती, एक वही होती. माणूस एकही नव्हता. पॅक आपल्या पायांनी चालत पेटीत गेल्यासारखे वाटत होते. ज्या साबणाने तिने वायसनच्या अंगचे डाग पुसले, तोच साबण ती आता स्वतःला लावत होती, आणि तिकडे फाईलमध्ये वायसनचं 'माझी चूक' तसंच पडून होतं.

तिने पहिल्या ओळीखाली लिहिलं: पॅक मी काढले आणि तसेच भरले. खूण मी आधीच केली होती.

दोन लहान वाक्यं. सकाळच्या अकरांनी तिला दमवलं नव्हतं तेवढं या दोघांनी दमवलं.

डॉ. चिवाउला पाचला परतले. ते उभ्या उभ्या वाचायला लागले आणि वाचता वाचता त्यांच्या कपाळाची शीर वर आली. मिटलेली फाईल उघडण्याइतकी नावडती गोष्ट त्यांना दुसरी नव्हती. ते म्हणाले की ही काय टिपणी, यात निम्मं रकान्यांबद्दल आणि निम्मं चाव्यांबद्दल, वर मंत्रालयाने विचारलं तर मी काय सांगू? फालेसीने सांगितलं की रकाना घालायचा, दुसरी चावी करायची, पॅक काढून अर्धा तास होईपर्यंत गाडीला पेटी द्यायची नाही.

"आणि माणूस? ताकीदपत्र कुणाला देऊ?"

"वायसनला नको, बवाना. त्यांचं सकाळचं उत्तर माझ्या कागदाला आलं होतं, घडलेल्या गोष्टीला नव्हे. तो कागद काढून टाका."

"मग तुम्हाला?"

"द्यायचं तर द्या. पण तेवढंच देऊन फाईल मिटवू नका."

त्यांनी हातातली टिपणी खणात टाकली आणि खण बंद केला. काढून टाकतो म्हणाले नाहीत, नाही असंही म्हणाले नाहीत. खण बंद होताना अडकला म्हणून त्याला गुडघा मारला. फालेसी निघाली.

गुरुवारी पावणेसहाला लॅकसनने भोंगा वाजवला. भांडारात आठ पॅक टेबलावर ओळीने मांडलेले होते आणि वहीत पट्टीने आखलेल्या नव्या रकान्यात लिहिलेलं होतं: पाच पस्तीस. लॅकसन आत येऊन म्हणाला की आमायी, गाडी जिल्ह्याची आहे, लसीची सासुरवाशीण नाही, मला अजून दोन ठिकाणी जायचंय. फालेसीने एक पॅक उचलून कानाशी धरला. काही नाही. तो ठेवून दुसरा उचलला. लॅकसन बाहेर जाऊन भोंग्यावर हात ठेवून उभा राहिला, तो थेट हात दुखेपर्यंत. साडेसहाला आठव्या पॅकमध्ये पाणी खळखळलं. लॅकसन पाऊण तास खोळंबला होता. मतुंदूलाला पेटी उशिरा पोचणार, गाडी उशिरा भरायला आली म्हणून पेट्रोलवाला बोंबलणार, आणि दुपारी डॉक्टरांकडे लॅकसनची तक्रार जाणार. तिने तीही वेळ लिहिली.

शुक्रवारी दुपारी फोटो आला. कडुनिंबाच्या झाडाखाली आया, पाठीवरची पोरं भोकाड पसरलेली. खाली वायसनने लिहिलं होतं: पॅक हलवले, पाणी वाजलं. छप्पन्न पोरं झाली. चौदा आल्या नाहीत.

फालेसीने तो चौदाचा आकडा बराच वेळ पाहिला. मग दुसरा निरोप उतरला. "खोलीच्या दुसऱ्या चावीचं तुम्ही मागच्या वर्षीही म्हणाला होतात, आमायी. तुम्ही पाठवली नाहीत."

तिचा पारा चढला. बोटं जाऊन अक्षरांवर टेकलीसुद्धा. तुम्ही तरी पुन्हा आठवण कुठे केलीत, एवढं लिहून झालं. ते खोडलं. मग ती उठली, सुताराच्या दुकानाशेजारी चावीवाला बसतो तिकडे जायला निघाली, आणि वाटेत चालता चालता लिहिलं: पाठवली नाही मी. नमुन्याची चावी लॅकसनबरोबर द्या, आणि त्या चौदा आयांची गावं लिहून पाठवा.